खिशात, पिशवीत किंवा धुण्यात सुटी गोळी सापडली तर

पँटच्या खिशातून, पिशवीच्या तळातून किंवा वॉशिंग मशीनच्या रबरी कड्यातून एखादी सुटी गोळी निघाली, की बहुतेक जण ती तळहातावर घेऊन आधी विचारतात, "ही कसली गोळी?" मग मोबाइल काढून शोधाशोध सुरू होते. हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा आहे. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात. अशीच दुसरी एखादी गोळी कुणाच्या पोटात गेली आहे का, आणि ही गोळी ज्याच्या पोटात जायला हवी होती त्याच्या पोटात न जाता इथे आली आहे का. गोळीचं नाव हवं असतं ते मुख्यतः या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठी. ती खाण्यासाठी नाव शोधायचा प्रश्नच नाही. सुटी सापडलेली गोळी कितीही ओळखीची वाटली तरी घ्यायची नाही, आणि डबीत किंवा स्ट्रिपमध्ये परतही ठेवायची नाही.

आधी घरातली माणसं बघा

घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल, कुत्रं-मांजर असेल, किंवा विसरभोळेपणा वाढलेली वयस्कर व्यक्ती असेल, तर गोळी उचलून बाजूला ठेवा आणि लगेच त्यांच्याकडे वळा. मुलाच्या तोंडात, ओठांवर, बोटांवर रंग किंवा पांढरी भुकटी दिसते का ते बघा. गोळी सापडली त्या जागेच्या आसपास जमिनीवर, पलंगाखाली, पिशवीच्या बाकीच्या कप्प्यांत अजून काही आहे का तेही बघा. एक गोळी सुटी झाली तिथे दुसरीही झालेली असू शकते. अर्धवट चोखलेली, ओली किंवा दातांच्या खुणा असलेली गोळी मिळाली तर ती कुणीतरी तोंडात घातली होती असंच धरून चाला.

मुलाने गोळी गिळली असल्याची नुसती शंका असली, तरी लक्षणं दिसायची वाट बघू नका. त्याच वेळी विषबाधा माहिती केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करा. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील, श्वास लागत असेल किंवा जागं करूनही डोळे उघडत नसेल, तर फोनवर सल्ला विचारण्यात वेळ न घालवता आपत्कालीन सेवा बोलवा. उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, विष मारायला म्हणून दूधही नाही. ओढूनताणून करवलेल्या उलटीत ते द्रव्य श्वासनलिकेत जायचा धोका असतो, आणि त्यात हातचा वेळही जातो.

वाट न बघण्याचं कारण काही औषधांच्या स्वभावातच आहे. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. मोठ्यांसाठीची यातली एकच गोळी लहान मुलाची रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि ती कित्येक तासांनी उतरू शकते. म्हणून मूल हसत-खेळत असलं तरी डॉक्टर त्याला जवळपास दिवसभर देखरेखीखाली ठेवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, क्लोनिडिन, जुन्या पिढीतली नैराश्यावरची काही औषधं, क्लोरोक्विन आणि अफूजन्य वेदनाशामकं यांचंही तसंच. जी औषधं शरीरात हळूहळू सुटावीत म्हणून बनवलेली असतात, त्यांचा परिणाम तर मुद्दामच उशिरा येतो. "दोन तास झाले, काही झालं नाही" यावर निर्धास्त होऊ नये, ते यासाठी.

प्राण्यांसाठी पशुवैद्यांना फोन करा. माणसाला रोजची वाटणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी जीवघेणी ठरते, आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना बाधतं.

घरात लहान मूल, प्राणी कुणीच नाही आणि सगळे धडधाकट आहेत, तर हा सगळा भाग दोन मिनिटांत उरकतो.

उचलताना

कागदाचा तुकडा किंवा टिश्यू घेऊन गोळी उचला, छोट्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि हात साबणाने धुवा. बहुतेक गोळ्या कोरड्या हाताने धरल्याने काहीही होत नाही. पण कर्करोगावरची काही औषधं, मेथोट्रेक्सेट, प्रोस्टेटसाठीचं ड्युटास्टेराइड ही त्वचेशी संपर्क टाळावा अशा यादीत येतात, गरोदर स्त्रियांनी तर विशेष जपावं. समोरची गोळी त्यातली आहे की नाही हे अजून कळलेलंच नाही. तेव्हा टिश्यूपुरते कष्ट घ्यायला हरकत नसावी.

चाखून बघणं, वास घेणं, नखाने खरवडणं, आत काय आहे म्हणून मोडणं, यातलं काही करू नका. चव बघून औषध ओळखता येत नाही, शिवाय मोडलेल्या गोळीची ओळख पटवणं फार्मासिस्टलाही अवघड जातं. पिशवीवर तारीख, वेळ आणि जागा लिहा: "निळ्या शर्टाचा वरचा खिसा". पुढे हिशेब जुळवताना ही जागाच सगळ्यात उपयोगी पडते.

मग जिथे गोळी मिळाली तो खिसा किंवा कप्पा उलटा करून झटका. इथे लोक घाई करतात. शोधायची असते ती चांदीच्या रंगाच्या फॉइलची कपची. गोळी स्ट्रिपमधून बाहेर ढकलली की मागचं फॉइल फाटतं आणि त्याचा नखाएवढा तुकडा कधी कधी गोळीसोबत खिशात जातो. त्यावर औषधाच्या नावाची तीन-चार अक्षरं असली तरी काम फत्ते. नुसती पांढरी गोळी सांगणार नाही ते ही कपची सांगते.

धुण्यातून निघाली असेल तर

मशीनमधून निघालेली गोळी ही खिशातल्या कोरड्या गोळीसारखी साक्षीदार नसते. पाण्याने तिचं रूप बदललेलं असतं, आणि कसं बदललं हे ती कशाची बनली आहे त्यावर अवलंबून असतं.

बऱ्याच साध्या गोळ्यांवर रंगाचा पातळ थर असतो आणि आत बहुधा पांढरं असतं. थर निघून गेला की गुलाबी, पिवळी, निळी, सगळ्या पांढऱ्या दिसतात. जठरातल्या आम्लात विरघळू नये म्हणून ज्या गोळ्यांवर खास लेप देतात, तो लेप आम्लात टिकतो पण अल्कधर्मी द्रावात विरघळतो. आतड्यात तो सुटावा अशीच त्याची रचना असते. कपड्यांचा डिटर्जंट अल्कधर्मी असतो, त्यामुळे जी गोळी जठरात शाबूत राहते ती धुण्यात उघडी पडते. जिलेटिनची कॅप्सूल कोमट पाण्यात चिकट होऊन कापडाला चिकटते. हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्या पाणी पिऊन फुगतात आणि जेलीसारख्या बुळबुळीत होतात, त्यांची जाडी आणि व्यास दोन्ही फसवे. आणि काहींचं बाहेरचं कवच विरघळतच नाही. शरीरातूनही ते रिकामं बाहेर पडतं. अशी गोळी धुण्यातून अगदी शाबूत दिसत निघते, पण आत औषध किती उरलंय हे बघून सांगता येत नाही.

म्हणून धुतलेल्या गोळीत रंगावर भरवसा ठेवू नका. त्यातल्या त्यात टिकतं ते एकूण आकाराचं वळण, म्हणजे गोल, लांबट की बदामी, आणि मधली खोल रेघ. कोरलेली अक्षरं कधी कधी अर्धी वाचता येतात. छापलेली शाई मात्र जाते.

कपड्यांचं काय? एखाददुसरी साधी गोळी भरपूर पाण्यात विरघळून पाण्याबरोबर निघून गेलेली असते. पंचाईत होते ती न विरघळलेल्या तुकड्यांनी. कपडे एकेक करून झटका, खिसे आणि शिवणी बघा, मशीनचं रबरी कडं पुसा, जाळी साफ करा. मग कपडे पुन्हा एकदा धुवा आणि त्यानंतर मशीन रिकामं एकदा पाण्याने फिरवा. तान्ह्या बाळाचे कपडे त्याच खेपेत असतील तर ते वेगळे काढून धुवा, बाळ कपड्याची टोकं चोखतं. घरात कुणाची कर्करोगाची गोळ्यांची औषधं चालू असतील तर हे सगळं हातमोजे घालून करा आणि त्या उपचारकेंद्राला कळवा.

ओळख घरापासून सुरू करा

जगात पांढऱ्या गोल गोळ्या अगणित आहेत, पण तुमच्या घरात येणाऱ्या पाच-दहाच असतील. त्यामुळे शोध बाहेरून आत नको, आतून बाहेर करा. घरातली सगळी चालू औषधं एका टेबलावर मांडा. पाहुणे येऊन गेले असतील, मदतनीस येत असतील, कपडे कुणाकडून आले असतील, तर त्यांनाही विचारा. विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. तरुण मुलाच्या दप्तरात गोळी मिळाली आणि तुम्ही "हे काय आहे?" असं म्हणालात, तर उत्तर खरं असो वा खोटं, "माहीत नाही" एवढंच येणार. त्याऐवजी, "ही गोळी सापडली, कुणाची घ्यायची राहून गेली असेल तर सांगा, डॉक्टरांना विचारायला लागेल" असं म्हटलं की माणूस बोलायला लागतो. गोळी डोकेदुखीची असण्याची शक्यताही असतेच.

मग फोटो काढा. पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही बाजूंचे आणि एक कडेचा. प्रकाश समोरून नको, एका बाजूने तिरपा हवा. टॉर्च टेबलाच्या जवळजवळ पातळीत धरला की कोरीव अक्षरांच्या सावल्या पडतात आणि वरून न दिसणारी अक्षरं उमटतात. नंतर संशयित औषधाच्या स्ट्रिपजवळ सापडलेली गोळी तिच्या पिशवीसकट ठेवून आकार, जाडी, रेघ, अक्षरं ताडून बघा. त्यासाठी नवी गोळी फोडायची गरज नाही, पारदर्शक स्ट्रिपमधून दिसते. दोन्ही बाजूंनी फॉइल असेल तर पुढचा डोस काढण्याच्या वेळी ताडून बघा.

इंटरनेटवर रंग, आकार आणि अक्षरं टाकून गोळी शोधायच्या सोयी आहेत. पण त्यातल्या मोठ्या याद्या अमेरिकेतल्या औषधांच्या आहेत. तिथे गोळीवर ओळखचिन्ह असणं १९९० च्या दशकापासून सक्तीचं आहे. सगळीकडे तशी सक्ती नाही, त्यामुळे कितीतरी गोळ्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. आणि दोन वेगळ्या देशांत एकच खूण दोन वेगळ्या औषधांवर असू शकते. यादीने दिलेलं नाव म्हणजे फार्मासिस्टला विचारायचा प्रश्न, उत्तर नव्हे. फार्मासिस्टकडे फोटो, गोळीची पिशवी आणि घरातल्या औषधांची यादी घेऊन जा. यादीशिवाय गेलात तर तोही अंदाजच करणार.

साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, कवळी धुवायच्या गोळ्या याही औषधासारख्याच दिसतात. आणि चकचकीत, धातूचं गोल काही सापडलं तर ते गोळी नसून बटण बॅटरी असू शकते. ती मुलाने गिळली असेल तर अजिबात न थांबता रुग्णालय.

शिल्लक मोजा

गोळी घरातल्याच औषधाची आहे असं वाटलं, की पुढचं काम पेन-कागदाचं आहे. याबद्दल फारसं कुणी सांगत नाही, पण याच हिशेबातून सगळ्यात जास्त कळतं.

समजा आजींची रक्तदाबाची गोळी आहे, रोज सकाळी एक. एक तारखेला ३० गोळ्यांनी सुरुवात झाली. आज १८ तारीख, सकाळची गोळी घेऊन झाली आहे. म्हणजे १८ गोळ्या संपल्या, १२ शिल्लक असायला हव्यात. धुण्यात तशीच दिसणारी एक गोळी सापडली. आता स्ट्रिप मोजा.

१२ शिल्लक निघाल्या तर सहज वाटतं, हिशेब बरोबर आहे, काळजी नाही. हे उलट आहे. स्ट्रिपमधून १८ निघाल्या, त्यातली एक तर मशीनमध्ये होती, म्हणजे पोटात १७ गेल्या. एक डोस चुकला. आजींनी गोळी काढली, पाणी आणायला उठल्या, तेवढ्यात दार वाजलं आणि गोळी खिशात गेली, असं काहीतरी झालेलं असतं.

११ शिल्लक निघाल्या तर १९ बाहेर आल्या, एक सापडली, १८ पोटात गेल्या. डोस चुकलेला नाही. गोळी कधीतरी हातून निसटली आणि आजींनी दुसरी काढून घेतली.

१० शिल्लक निघाल्या तर मात्र जपून. एक गोळी सापडली, पण आणखी एक कुठेतरी गेली. एकतर तीही घरात कुठेतरी पडली आहे, नाहीतर एका दिवशी दोनदा घेतली गेली. घरात रांगतं मूल असेल तर ती दुसरी गोळी सापडेपर्यंत शोध थांबवायचा नाही, आणि मुलाकडे लक्ष ठेवून डॉक्टरांना आत्ताच कळवायचं.

१३ निघाल्या तर काढलेल्या १७, सापडलेली एक, पोटात १६. दोन डोस चुकले, त्यातला एक तर स्ट्रिपमधून निघालाच नाही. एखाद्या वेळी असं होतं. पण दोन-तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा होत असेल तर आजींना दोष देण्याऐवजी वारांचे कप्पे असलेली डबी आणा.

हा हिशेब जुळतो तो सुरुवातीची तारीख आणि संख्या पक्की असेल तरच. जुन्या स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या नव्यात मिसळल्या असतील किंवा गोळी अर्धी करून घेत असतील तर तो गडबडतो. यापुढे स्ट्रिपवर पेनने सुरुवातीची तारीख लिहा, एवढ्यानेही फरक पडतो.

डोस चुकल्याचं कळलं तरी भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. पुढचा डोस ठरल्या वेळी घ्या. चुकलेल्या डोसचं महत्त्व औषधागणिक बदलतं. थायरॉइडचं लेव्होथायरॉक्सिन शरीरात बरेच दिवस टिकतं, एक डोस चुकल्याने सहसा जाणवतही नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधं, फिटवरची औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं यांत एका डोसचाही प्रश्न होतो, तेव्हा डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. गर्भनिरोधक गोळ्यांचे नियम वेगळे असतात, ते सोबतच्या पत्रकात दिलेले असतात. आणि मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. घरात ते असेल आणि हिशेबात गोळ्या कमी निघाल्या, तर ते रोज घेतलं जात नाही ना, हे आधी तपासा. त्या चुकीने जीव जाऊ शकतो.

नाव कळलंच नाही तर

घरातल्या कशाशीही जुळत नाही, कुणी "माझी" म्हणत नाही, फार्मासिस्टलाही ठाम सांगता येत नाही. अशा वेळी "अज्ञात" हेच उत्तर स्वीकारायचं. अर्धवट जुळणीवर नाव चिकटवण्यापेक्षा ते बरं.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बाजारातल्या औषधासारख्या हुबेहूब नकली गोळ्या बनतात. अमेरिकेत वेदनाशामक ऑक्सिकोडोनच्या गोल, निळ्या गोळ्यांची नक्कल सर्रास सापडते. एका बाजूला चौकटीत एम हे इंग्रजी अक्षर, दुसऱ्या बाजूला ३०. खूण जुळते, पण आत बहुधा फेंटानिल हे अफूजन्य गटातलं अत्यंत तीव्र औषध असतं, ज्याचे २ मिलीग्रॅम जीव घ्यायला पुरेसे ठरू शकतात. म्हणजे बाहेरच्या खुणेवरून फार तर "हे असं दिसतं" इतकंच कळतं, आत काय आहे ते कळत नाही. तरुण माणसाच्या सामानात अनोळखी गोळी मिळाली आणि ती व्यक्ती गुंगीत असेल, श्वास संथ असेल, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर तो अफूजन्य औषधाचा परिणाम असू शकतो. आपत्कालीन सेवा बोलवा, अशा औषधाचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोन हाताशी असेल तर द्या आणि गोळीची पिशवी सोबत पाठवा.

टाकायची कधी आणि कशी

लगेच टाकू नका. कुणी काही गिळल्याची शंका असेपर्यंत आणि हिशेब जुळेपर्यंत ती बंद पिशवी उंचावर, कुलपात ठेवा. एक-दोन दिवसांत बहुतेक उलगडा होतो. नंतर जवळ औषधं परत घेणारं केंद्र किंवा औषधाचं दुकान असेल तर तिथे द्या. नसेल तर गोळी न चुरडता वापरलेल्या चहा-कॉफीच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, घट्ट बंद होणाऱ्या डब्यात किंवा पिशवीत घाला आणि कचऱ्यात टाका. चोथ्यामुळे ती कुत्र्या-मांजराला किंवा मुलाला खावीशी वाटत नाही. संडासात किंवा बेसिनमध्ये टाकू नका. तीव्र अफूजन्य औषधांपैकी काही तातडीने संडासात टाकायला सांगितलेली असतात, पण ते त्या औषधाच्या पत्रकात लिहिलेलं असतं, आणि इथे तर नावच माहीत नाही. पिशवीवरची चिठ्ठी मात्र हिशेबाच्या वहीत चिकटवून ठेवा. महिन्याभराने त्याच खिशातून दुसरी गोळी निघाली तर डॉक्टरांना दाखवायला ती लागेल.